सोडियमच्या दिव्याखाली काढलेला मित्रांचा फोटो: चेहऱ्यावरचा केशरी रंग कसा उतरवायचा?

रात्रीची_एसटी

मंडळी, एका फोटोवर तीन दिवस अडकलोय, मदत हवी आहे. आम्ही पाच मित्र, शाळेपासूनचे. त्यातला एक गेल्या महिन्यात जर्मनीला गेला, त्याच्या आदल्या रात्री साधारण एक वाजता आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर चहा प्यायला जमलो होतो, तिथे अजून जुने सोडियमचे दिवे आहेत. कॅमेरा कट्ट्यावर ठेवून टायमर लावून फोटो काढला. ५० एमएम लेन्स, एफ २, १/६०, आयएसओ ३२००. रॉ फाइल आहे. फोटो शार्प आलाय, सगळे हसतायत, पण चेहरे म्हणजे नुसतं केशरी पाणी ओतल्यासारखे. डोळ्यांचा पांढरा भाग, दात, ओठ, गाल, सगळं एकाच रंगाचं. लाइटरूममध्ये टेम्परेचर पार डावीकडे नेलं, २००० वर जाऊन थांबलं, तरी केशरी ते केशरीच. त्याच्या आईला तो फोटो १२ बाय १८ मध्ये प्रिंट करून द्यायचाय म्हणून इतकी धडपड. आणखी एक भानगड म्हणजे उजवीकडच्या मित्राच्या अर्ध्या चेहऱ्यावर टपरीच्या पांढऱ्या ट्यूबचा उजेड आहे.

फोकस_भाऊ

सोपं आहे की. व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर टाक, बल्बच्या चित्राचं जे असतं ते. पिवळा दिवा म्हणजे टंगस्टन. आणि रॉ आहे म्हटल्यावर काळजीच नको, रॉमधून काहीही परत येतं.

रात्रीची_एसटी

टंगस्टन करून बघितलं भाऊ, ते ३००० च्या आसपास येतं, मी त्याच्याही खाली २००० पर्यंत गेलोय.

सोनचाफा_७

आमच्याकडे भाचीच्या हळदीच्या फोटोत असंच झालं होतं, सगळ्यांचे चेहरे पिवळेधमक. मी मोबाईलवरच यलो आणि ऑरेंजचं सॅच्युरेशन कमी केलं, लगेच नॉर्मल झाले. तुम्हीपण तेच करा ना, पाच मिनिटांचं काम आहे.

तांबडा_कंदील

सोनचाफाताई, तुमच्याकडे पिवळेपणा चेहऱ्यावर होता, उजेडात नव्हता. हळद दुपारी मांडवात लागली असणार, उजेड चांगला पांढरा, म्हणजे हळदीखालची कातडी, ओठ, मेंदी, हिरवा चुडा सगळ्यांचे रंग कॅमेऱ्यात व्यवस्थित वेगवेगळे उतरले. त्यामुळे पिवळा तेवढा कमी करता आला. इथे उजेडच एका रंगाचा आहे. ऑरेंजचं सॅच्युरेशन कमी केलं तर चेहरा, दात, शर्ट, भिंत सगळं सारखंच फिकं होईल, कारण सगळं ऑरेंजच आहे. चेहरे राख फासल्यासारखे दिसतील.

एसटीवाले दादा, मी बरीच वर्षं रात्रीचे पालखीचे, जत्रेचे फोटो काढतोय, सोडियमखाली पुष्कळ हात भाजलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सोडियमचा दिवा टंगस्टनसारखा 'थोडा जास्त पिवळा' नसतो. टंगस्टनच्या बल्बात निळा उजेड कमी असतो पण असतो, म्हणून स्लायडर ओढला की रंग परत येतात. रस्त्यावरच्या सोडियममध्ये बहुतेक उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आजूबाजूला एका पिवळ्या-केशरी पट्ट्यात गोळा झालेला असतो, बाकी इकडेतिकडे थोड्या बारीक रेषा. निळा जवळजवळ नाहीच. आता व्हाइट बॅलन्स काय करतो, तर निळ्या चॅनेलला मोठ्या आकड्याने गुणतो. तिथे काही नसेल तर काय गुणणार? नॉइज गुणला जातो. म्हणून २००० वर नेल्यावर तुमच्या फोटोत सावल्यांमध्ये निळे-जांभळे ठिपके उठले असतील, आणि चेहरे तरीही केशरी.

एक काम करा. फोटो गिंप किंवा फोटोशॉपमध्ये उघडून तिन्ही चॅनेल एकेक करून बघा, काळे-पांढरे. आणि तुमच्या चेहऱ्यावर कपाळ आणि गाल यांच्यामधे कुठेतरी आरजीबीचे आकडे काय येतायत ते इथे लिहा, २००० वर केलेल्या फाइलचे.

फोकस_भाऊ

म्हणजे रॉमधूनपण येत नाही? मग रॉचा उपयोग काय?

तांबडा_कंदील

उपयोग खूप आहे भाऊ, तुमचं अर्धं बरोबरच आहे. मोबाईलच्या जेपेगमध्ये असा चेहरा लाल २५५ आणि निळा ० होऊन बसलेला असतो, त्यात गालाचा गोलवापण गेलेला असतो. रॉमध्ये लाल चॅनेल फुटायच्या आधी थोडी जागा असते आणि निळ्यात अगदी बारीक का होईना काहीतरी असतं. पण जो उजेड चेहऱ्यावर पडलाच नाही तो कुठल्याच फाइलमध्ये नसतो.

रात्रीची_एसटी

बघितलं दादा. डोळे उघडले. लाल चॅनेलमध्ये सगळे चेहरे पांढरेफटक, मधल्या मित्राच्या कपाळावर तर काहीच नाही. हिरवा चॅनेल इतका सुंदर आहे की काय सांगू, एकदम जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोसारखा, प्रत्येकाची दाढी, डोळ्याखालची रेघ सगळं दिसतंय. आणि निळा म्हणजे काळोख आणि वाळू, फक्त उजवीकडच्या मित्राचा ट्यूबकडचा गाल तेवढा उजळ.

माझ्या गालाचे आकडे: लाल २१४, हिरवा १४२, निळा ४८. पांढऱ्या शर्टाचे २३५, १९०, ९५. आयड्रॉपरने शर्टावर क्लिक करायला गेलो तर एका जागी लाइटरूम म्हणालं की ही जागा फार उजळ आहे, दुसरीकडे क्लिक करा.

विंग्रजी_धुकं

मी इंग्लंडमध्ये होतो २००० च्या सुरुवातीला, तिथे त्या वेळी बऱ्याच रस्त्यांवर लो प्रेशर सोडियम होते, ते याच्यापेक्षा वाईट. त्यांच्या उजेडात खरोखर एकच रंग. मित्राचं लाल जॅकेट काळपट तपकिरी दिसायचं आणि माणसांचे ओठ पाहून वाटायचं ही आजारी आहेत की काय. त्या काळातले माझे सगळे रात्रीचे ग्रुप फोटो मी शेवटी ब्लॅक अँड व्हाइट केले. तुम्हीही तेच करा असं माझं मत, उगाच रंगांच्या मागे लागू नका. हिरवा चॅनेल चांगला आहे म्हणताय ना, तो घ्या आणि प्रिंट करा.

तांबडा_कंदील

धुकंसाहेब, लो प्रेशरला तुमचा उपाय शंभर टक्के, तिथे दुसरं काही नाहीच. आपल्याकडे रस्त्यांवर बहुतेक हाय प्रेशर होते, त्यात थोडं लाल, थोडं हिरवं मिळतं, म्हणून प्रयत्न करायला वाव आहे. लो प्रेशरखाली लाल आणि पिवळा शर्ट नुसता फिका-गडद दिसतो, हाय प्रेशरखाली त्यांच्यात थोडा तरी रंगाचा फरक उरतो.

दादा, तुमचे आकडे बघून सांगतो. चांगल्या उजेडात आपल्याकडच्या गव्हाळ चेहऱ्यावर लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा, पण उतार सौम्य असतो. तुमच्यात २१४ वरून ४८ पर्यंत सरळ कडा आहे. निळा वाढवायचा तर तो निळ्यातून वाढवू नका, तिथे वाळू आहे. हिरव्यातून उसना घ्या. चेहऱ्याचा आकार, उजेड-सावली सगळं हिरव्यात नीट आहे, तोच थोडा निळ्याच्या जागी भरायचा. आणि फुगलेल्या लालमध्येपण थोडा हिरवा मिसळायचा, म्हणजे कपाळावर जो गोलवा गेलाय तो थोडा हिरव्याकडून परत येतो.

टेम्परेचर २००० वरच ठेवून १६ बिट टिफ काढा. गिंपमध्ये उघडून लेयरची कॉपी करा आणि कॉपीवर `Colors > Components > Channel Mixer`. तिथे असं भरा:

```
Red   = 0.70 R + 0.30 G
Green = 1.00 G
Blue  = 0.70 G + 0.20 B
```

तुमच्या गालाचा हिशोब कागदावर केला, लाल १९२, हिरवा १४२ तसाच, निळा १०९ येतो. हा माणसाचा चेहरा झाला. शर्ट २२२, १९०, १५२ येईल, म्हणजे मळक्या पांढऱ्यासारखा, गरम. त्याला आणखी पांढरा करू नका, रात्रीचा पिवळा उजेड आहे हे त्या शर्टावरूनच कळणार आहे. निळ्याचे फक्त ०.२० घेतलेत म्हणून वाळूपण पाचव्या हिश्शावर आली.

हे आकडे तुमच्या फाइलचे आहेत. दुसऱ्या दिव्याखाली, दुसऱ्या कॅमेऱ्यात हेच भरले तर जमेलच असं नाही, गालावरचे आकडे बघूनच ठरवायचं. डार्कटेबल वापरणाऱ्यांनी तर हे आकडे जसेच्या तसे अजिबात घेऊ नयेत, तिथला मिक्सर वेगळ्या टप्प्यावर काम करतो.

रात्रीची_एसटी

दादा!! केलं. पहिल्यांदा त्याचा चेहरा त्याच्यासारखा दिसला. दात आणि डोळे आता वेगळे दिसतायत कातडीपासून. खरंच मनापासून आभार.

पण दोन गोष्टी खटकतायत. एक म्हणजे एकाने निळी जीन्स घातली होती, ती राखाडी-तपकिरी दिसतेय. दुसरं, उजवीकडच्या मित्राचा ट्यूबकडचा गाल, मिक्सरच्या आधी तो निळाशार होता, आता हिरवट-करडा झालाय, म्हणजे तो जास्तच आजारी वाटतोय.

पिक्सेलपाटील

हे चॅनेल मिक्सर वगैरे फार घोळ आहे राव. लाइटरूमचं २००० चं कुलूप तोडायचा सरळ रस्ता आहे. अडोबीचा DNG Profile Editor उघडायचा, तुमची फाइल डीएनजी करून त्यात टाकायची, Color Matrices च्या टॅबमध्ये खाली व्हाइट बॅलन्स कॅलिब्रेशन आहे तिथे टेम्परेचर उणे ४०-५० करायचं, प्रोफाइल एक्स्पोर्ट करायचं आणि लाइटरूममध्ये ते निवडायचं. मग २००० च्याही खाली गेल्यासारखं होतं. इन्फ्रारेडवाले हेच करतात. रॉथेरपी वापरत असाल तर तिथे तसंही १५०० पर्यंत जाता येतं. मी सगळे सोडियमचे फोटो असेच करतो, व्हाइट बॅलन्स बरोबर झाला की रंग आपोआप येतात.

तांबडा_कंदील

पाटील, पहिला भाग बरोबर आणि उपयोगाचा, मीपण ते प्रोफाइल बनवून ठेवलंय. त्याने शर्ट पांढरा होतो, आणि ते प्रोफाइल त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्याला चालतं हे मात्र लक्षात ठेवायचं. 'रंग आपोआप येतात' हे पटत नाही. पांढरा पांढरा झाला म्हणजे गालाचा गुलाबी आणि जीन्सचा निळा परत आला असं होत नाही, आणि निळ्या चॅनेलला गुणणं आलंच, म्हणजे वाळू आली. आयएसओ ४०० ला ट्रायपॉडवर काढलेल्या फोटोत तुमची पद्धत मी आधी करून बघेन. ३२०० ला नाही.

पिक्सेलपाटील

मी बहुतेक वेळा ट्रायपॉडवरच असतो, इमारतींचे फोटो. माणसांवर फारसं केलं नाही हे खरं. पण प्रोफाइल लावून मग मिक्सर कमी लावला तर?

तांबडा_कंदील

चालेल. अर्धं-अर्धं करणारे लोक आहेत. मी वाळूला घाबरतो म्हणून मिक्सरकडे झुकतो.

दादा, जीन्सचं उत्तर असं की सोडियमखाली निळं कापड काळंच दिसतं, तुम्ही तिथे उभे असतानापण ती काळपट दिसत असणार. आता निळा चॅनेल हिरव्यातून बनवल्यावर या फोटोत खरा निळा रंग तयारच होऊ शकत नाही. हवीच असेल तर वेगळ्या लेयरवर, मोड `HSL Color` ठेवून, फिकट निळा ब्रश हलक्या हाताने फिरवा. पण मग तो रंग तुम्ही आठवणीतून भरलेला असेल. मला कपड्यांच्या बाबतीत ते चालतं, चेहऱ्यावर मी करत नाही.

ट्यूबकडच्या गालाला एकच उपाय, दोन वेळा डेव्हलप करणं. तीच रॉ फाइल दुसऱ्यांदा उघडा, टेम्परेचर आता फक्त तो गाल बघून लावा, ट्यूबवर अवलंबून आहे पण ५००० च्या आसपास सुरुवात करा, मग कमी-जास्त. बाकी फोटो भयंकर केशरी होईल, तिकडे बघू नका. त्याचं टिफ काढून वरच्या लेयरवर ठेवा, काळा मास्क लावा आणि मऊ ब्रशने फक्त तो गाल, कान आणि खांद्याची कड उघडा. या लेयरला चॅनेल मिक्सर लावायचा नाही, तिथे निळा उजेड खरोखर आहे.

घाटवाट

मला एक वेगळं म्हणायचंय. केशरी काढायचाच का? एसटी स्टँड, रात्रीचा एक, त्या दिव्याचा रंग हीच तर त्या रात्रीची ओळख. मुंबईत मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे २०१५ मध्ये पांढरे एलईडी केले तेव्हा किती लोकांना वाईट वाटलं होतं. तुमच्या गावातलेपण कधीतरी जातील, मग हा रंग पुन्हा मिळणार नाही. मी असतो तर हात लावला नसता.

रात्रीची_एसटी

पटतंय तुमचं, आणि म्हणूनच मागचा स्टँड, रस्ता, धूर हे मी केशरीच ठेवणार आहे. पण त्याच्या आईला लेकाचा चेहरा बघायचाय. मी काकूंना मोबाईलवर मूळ फोटो दाखवला होता, त्या म्हणाल्या, "याला कावीळ झालीय का रे?" तेव्हाच ठरवलं.

तांबडा_कंदील

मग दोघांचंही राहील असं करा. मिक्सरच्या लेयरला मास्क लावून चेहरे, मान आणि हात एवढंच उघडा, ब्रश मोठा आणि मऊ, केसांच्या कडेला अर्धवट. पार्श्वभूमी खालच्या लेयरमधून येऊ दे. आणि मिक्सरच्या लेयरची ओपॅसिटी ७० च्या आसपास आणा. तुमच्या गालाचे आकडे मग साधारण १९९, १४२, ९१ होतात, म्हणजे पिवळ्या उजेडात उभा असलेला माणूस. शंभरवर ठेवलं आणि मागे रस्ता केशरी राहिला तर चेहरे कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात, मी माझ्या सुरुवातीच्या फोटोंत हीच चूक केली होती.

कळायचं कसं, तर फोटो स्क्रीनवर तळहाताएवढा लहान करून बघा. चेहरे आधी डोळ्यात घुसले आणि जागा नंतर, तर जास्त झालंय.

नवखी_शटर

मी नवीन आहे, प्रश्न थोडा वेगळा. फोटो काढतानाच काय केलं असतं तर हे झालं नसतं? आमच्या कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर असेच दिवे आहेत आणि पुढच्या आठवड्यात सेंड-ऑफ आहे.

तांबडा_कंदील

चांगला प्रश्न विचारलास. कॅमेऱ्याच्या मागचा हिस्टोग्राम एका रंगाचा न ठेवता तीन रंगांचा लाव. सोडियमखाली साधा हिस्टोग्राम 'सगळं ठीक' म्हणतो आणि लाल चॅनेल उजव्या भिंतीला कधीच धडकलेला असतो. लाल धडकला की तिथून एक स्टॉप खाली ये. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये सगळ्यात खाली ठेव, बहुतेकांत २५०० असतं, म्हणजे तो हिस्टोग्राम निदान खऱ्याच्या जवळ येतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेव. हे दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/५०० वगैरे ठेवलंस तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट आणि रंगपण वेगळा, असं होतं.

आणि जमलं तर चेहऱ्यावर थोडासा दुसरा उजेड टाक. फ्लॅशवर केशरी जिलेटीन लाव, त्याला फुल सीटीओ म्हणतात. एक लावलं तर ५५०० चा फ्लॅश २९०० च्या आसपास येतो, दोन एकावर एक लावली तर जवळजवळ २०००, म्हणजे सोडियमशी जुळतो. बघायला दोन्ही केशरीच, पण फ्लॅशच्या केशरीत सगळे रंग थोडे थोडे असतात. घरी येऊन टेम्परेचर खाली ओढलंस की चेहऱ्याचे रंग खरे परत येतात आणि रस्तापण जुळून राहतो. दोन जिलेटीन बराच उजेड खातात, म्हणून फ्लॅश जवळ ठेव.

फोकस_भाऊ

फ्लॅश नसेल तर मोबाईलचा टॉर्च मारला तर चालेल का, साधा पांढरा?

तांबडा_कंदील

तसाच मारलास तर एसटीवाल्या दादांच्या मित्राच्या गालासारखं होईल, पुढून निळा मागून केशरी. टॉर्चवरपण जिलेटीनचा तुकडा लाव, मग चालेल.

रात्रीची_एसटी

शेवटचं अपडेट. काल रात्री बसून सगळं केलं. मिक्सर ७० वर खूप होतं असं लहान करून बघितल्यावर वाटलं, ६० वर आणलं. जीन्स तशीच ठेवली. ट्यूबकडच्या गालासाठी दुसरी फाइल ४७०० वर जमली. काल ६ बाय ९ चं टेस्ट प्रिंट काढून आणलं, स्क्रीनपेक्षा चेहरे थोडे लालसर आणि गडद आले, म्हणून मोठ्याला थोडा ब्राइटनेस वाढवणार.

एक जागा अजून जमत नाहीये. त्या मित्राच्या नाकाच्या शेंड्यापासून ओठापर्यंत जिथे ट्यूब आणि सोडियम एकमेकांत मिसळतात तिथे एक जांभळट पट्टा राहतोय. मास्क मऊ केला तर पट्टा रुंद होतो, कडक केला तर रेघ दिसते.

तांबडा_कंदील

तो पट्टा मलाही कधी पूर्ण काढता आला नाही. तिथे प्रत्येक बिंदूवर दोन उजेडांचं प्रमाण वेगळं आहे, एका आकड्याने ते सुटत नाही. मी तेवढ्या पट्ट्यावर जांभळ्याचं सॅच्युरेशन कमी करतो आणि बाजूच्या गालावरून रंग उचलून `HSL Color` मोडमध्ये अगदी १५-२० टक्क्यांनी ब्रश फिरवतो. १२ बाय १८ ला हातभर अंतरावरून दिसत नाही.

पिक्सेलपाटील

त्या पट्ट्यापुरता तिसरा डेव्हलप करून बघा, ३००० च्या आसपास, दोन्ही लेयरच्या मधे. मी भिंतींवर केलंय, चेहऱ्यावर माहीत नाही.

रात्रीची_एसटी

आज रात्री दोन्ही करून बघतो, जे कमी दिसेल ते प्रिंटला. रविवारी काकूंकडे जायचंय.